चिमणीतला ऑक्सिजन आला कुठून? तेलावरच्या भट्टीचं ज्वलन आकड्यांवरून ओळखताना

भट्ट्यांच्या कामात मी नवीन होतो तेव्हा फ्लू गॅस ऍनालायझर हातात देऊन मला एवढंच सांगितलं गेलं: "ऑक्सिजन जास्त दिसला की हवा कमी कर." वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणामुळे एका फोर्जिंगच्या कारखान्यात मी चांगली चाललेली ज्योत बिघडवली. तो प्रसंग पुढे सविस्तर येईल. ज्यांच्या हातात हे यंत्र पहिल्यांदा आलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या, लोखंड तापवायच्या भट्टीचं घेतलंय. तिला रिक्युपरेटर बसवलेला आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर बर्नरची हवा तापवणारा नळ्यांचा संच. गॅस किंवा डिझेलच्या भट्टीला रीत हीच, फक्त इंधनाचे आकडे बदलतात.

१. आधी दोन आकड्यांचं नातं समजून घ्या

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तेल जळताना त्यातला कार्बन हा ऑक्सिजन घेतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अगदी लागेल तेवढीच दिली आणि सगळं तेल पूर्ण जळलं, तर कोरड्या धुरात ऑक्सिजन शून्य राहील आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या कमाल पातळीला पोचेल. फर्नेस ऑइलसाठी ही पातळी साधारण १५.५ ते १६ टक्के, नैसर्गिक वायूसाठी १२ च्या थोडी खाली. फरक इंधनातल्या कार्बन आणि हायड्रोजनच्या प्रमाणामुळे पडतो.

गरजेपेक्षा जास्त हवा दिली की न वापरलेला ऑक्सिजन धुरात उरतो आणि कार्बन डायऑक्साइड पातळ होत जातो. म्हणून पूर्ण ज्वलनात एक आकडा कळला की दुसरा काढता येतो:

```
कार्बन डायऑक्साइड = कमाल पातळी × (२०.९ − ऑक्सिजन) ÷ २०.९
जादा हवा (%) = ऑक्सिजन ÷ (२१ − ऑक्सिजन) × १००
```

ऑक्सिजन ३.२ टक्के आला, तर १५.५ ची पातळी धरून कार्बन डायऑक्साइड १३.१ च्या आसपास हवा, आणि जादा हवा १८ टक्के. फर्नेस ऑइलच्या नीट लागलेल्या बर्नरला १५ ते २० टक्के जादा हवा पुरते. म्हणजे ऑक्सिजन ३ ते साडेतीन टक्के.

आता पहिला सापळा. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर विसंबू नका. हवा जास्त झाली तरी तो कमी होतो, आणि हवा अपुरी पडली तरी कमी होतो, कारण मग काही कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. १२ टक्के हा आकडा डोंगराच्या दोन्ही उतारांवर सापडतो. तुम्ही कोणत्या उतारावर उभे आहात हे ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड सांगतात. नेमक्या चुकीच्या उतारावर असताना कोणी "कार्बन डायऑक्साइड वाढवायचाय" म्हणून हवा आणखी आवळली, तर भट्टी काळा धूर ओकायला लागते.

२. सोबत काय न्यायचं

- ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि तापमान दाखवणारा पोर्टेबल ऍनालायझर, पाण्याचा सापळा आणि फिल्टर साफ केलेले
- चिमणीसाठी स्टीलचा प्रोब. भट्टीच्या तोंडाशी मोजायचं असेल तर सिरॅमिकची नळी
- जमलं तर कार्बन डायऑक्साइड स्वतंत्रपणे मोजणारा, द्रव भरलेला फायराइट संच
- भोकं बुजवायला ग्लास वूल किंवा सिरॅमिक ब्लँकेटचे तुकडे
- जाड हातमोजे, चष्मा, वही आणि घड्याळ

कागदांपैकी बर्नरचा कॅटलॉग, ब्लोअरची नेमप्लेट आणि मागचे तेलाच्या वापराचे आकडे मागून घ्या. ऍनालायझरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्रही पाहा, त्यावरची तारीख खास करून.

३. यंत्र सुरू करताना

ऍनालायझर मोकळ्या हवेत सुरू करा, शेडच्या बाहेर. सुरू होताना तो आसपासची हवा २०.९ धरून स्वतःला जुळवून घेतो. भट्टीशेजारी धुरात उभं राहून सुरू केलात तर तीच हवा त्याला शुद्ध वाटते आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. काम संपल्यावर पुन्हा मोकळ्या हवेत न्या. परत २०.९ च्या जवळ आला तर दिवसभराचे आकडे धरायला हरकत नाही. २०.३ वगैरे दाखवत राहिला तर सेन्सर थकलाय. ऑक्सिजनचा रासायनिक सेन्सर दोनेक वर्षांत संपतो, यंत्र वापरा किंवा कपाटात ठेवा.

मग इंधन निवडा. हे लोक सर्रास विसरतात. बहुतेक पोर्टेबल यंत्रांत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरच नसतो. पडद्यावरचा `CO2` हा आकडा वरच्या सूत्राने काढलेला असतो, आणि कमाल पातळी तुम्ही निवडलेल्या इंधनावरून घेतलेली असते. आधीच्या माणसाने नैसर्गिक वायू निवडून ठेवला असेल आणि तुम्ही तेलाच्या भट्टीवर मोजलं, तर ३.२ ऑक्सिजनला १३ ऐवजी १० टक्के दिसेल, आणि ज्वलन वाईट असल्याचा निष्कर्ष तुम्ही वहीत लिहून मोकळे व्हाल. शिवाय असा काढलेला आकडा ऑक्सिजनच्या आकड्याची साक्ष देऊ शकत नाही, तो त्याचीच सावली आहे. म्हणूनच फायराइटसारखा स्वतंत्र संच सोबत असावा असं मी म्हणतो. ऍनालायझर ३.२ ऑक्सिजन दाखवतोय आणि फायराइट १३, तर दोघं एकमेकांना दुजोरा देतात. फायराइट साडेदहाच दाखवत असेल तर काहीतरी बिनसलंय: द्रव जुना झालाय, इंधन वेगळं आहे, किंवा कार्बन मोनॉक्साइड भरपूर आहे. द्रवाची शंका आली तर तोच नमुना पुन्हा उलटासुलटा करा. आकडा अजून चढला तर द्रव बदला.

शेवटी प्रोबचं टोक बोटाने बंद करा. पंपाचा आवाज बदलला पाहिजे किंवा यंत्राने प्रवाह कमी असल्याची तक्रार केली पाहिजे. काहीच झालं नाही तर नळी कुठेतरी फाटलीय, आणि तुम्ही धुरासोबत कारखान्याची हवा मोजणार आहात.

४. प्रोब कुठे घालायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

चिमणीला तळाशी एखादं भोक आयतंच असतं, आणि तिथे मोजणं सोपं असतं. पण बर्नर सोडून चिमणीपर्यंत येताना धुरात वाटेवर बाहेरची हवा मिसळत येते. दरवाजाच्या फटीतून, विटांच्या भेगांतून, फ्लूच्या झाकणांतून, आणि रिक्युपरेटरच्या फुटक्या नळ्यांतून. ही हवा ज्वलनात भाग घेत नाही, पण ऍनालायझरला ती बर्नरच्या जादा हवेसारखीच दिसते. सूत्राने तपासूनही ती पकडता येत नाही, कारण हवा मिसळली तरी ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं नातं तेच राहतं. गळती ओळखायचा एकच मार्ग आहे: दोन-तीन ठिकाणी मोजायचं आणि तुलना करायची.

निदान या तीन जागा धरा.

पहिली, भट्टीतून धूर बाहेर पडतो ती जागा, फ्लूच्या तोंडाशी. इथलं तापमान हजार अंशांच्या वर असतं, साधा स्टीलचा प्रोब तिथे वाकतो. शिवाय लालबुंद तापलेल्या धातूवर कार्बन मोनॉक्साइड प्रोबच्या आतच जळू शकतो आणि आकडा फसवा येतो. म्हणून सिरॅमिकची नळी, आणि तिच्यामागे धूर गार व्हायला पुरेशी लांबी. भट्टीत दाब असेल तर भोकातून ज्योत बाहेर येते. भोकासमोर उभं न राहता बाजूला उभे राहा.

दुसरी जागा रिक्युपरेटरच्या आधी, तिसरी रिक्युपरेटरनंतर चिमणीत. मोठ्या फ्लूमध्ये प्रोबचं टोक मधोमध न्या. भिंतीलगत गळतीची हवा वाहत असते. प्रोबभोवतीचं भोक ब्लँकेटने बुजवा. चिमणीत खेच असते, उघड्या भोकातून हवा आत जाते आणि नेमकी प्रोबच्या टोकावर येते.

भट्टीवर आधीच कायमचा झिर्कोनियाचा सेन्सर बसवलेला असेल तर त्याचा आणि तुमचा आकडा तंतोतंत जुळणार नाही. तो धुरातल्या वाफेसकट मोजतो, तुमचं यंत्र वाफ काढून टाकून. तेलाच्या धुरात तुमच्याकडे ४ आला तर त्याच्याकडे साडेतीन दिसेल. दोघंही बरोबर.

५. आकडा कधी लिहायचा

माल भरल्यावर किंवा काढल्यावर लगेच मोजू नका. दरवाजा उघडला की ऑक्सिजन दहाच्या वर उडी मारतो. दरवाजा बंद होऊन पाच मिनिटं जाऊ द्या, बर्नर एकाच आगीवर स्थिर असू द्या, मग दर मिनिटाला एक असे पाच आकडे लिहा. एक मोठ्या आगीवर आणि एक लहान आगीवर, असे दोन संच घ्या. मोठ्या आगीवर छान लागलेला बर्नर लहान आगीवर दुप्पट हवा घेताना मी अनेकदा पाहिलाय, कारण तेल कमी होतं आणि हवेची झडप तिथेच राहते.

मोजायच्या आधी भट्टीचा दाबही बघून घ्या. दरवाजाच्या खालच्या कडेपाशी सुताचा धागा काठीला बांधून धरा. धागा आत ओढला जात असेल तर चिमणीचा डँपर जास्त उघडा आहे आणि भट्टी गार हवा गिळतेय. तो हळूहळू बंद करत आणा, धागा जरासा बाहेर झुकेपर्यंत. ही हवा थेट भट्टीच्या पोटात जाते आणि ती हजार-बाराशे अंशांपर्यंत तापवायचं तेल तुम्ही भरता, म्हणून बर्नरला हात लावायच्या आधी हे काम.

६. तीन आकडे एकत्र वाचा

ऑक्सिजन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी असेल तर हवा जास्त आहे, मग ती बर्नरची असो की गळतीची. ऑक्सिजन कमी आणि कार्बन मोनॉक्साइड शेकड्यांत किंवा हजारांत असेल तर हवा अपुरी आहे. ऑक्सिजन ३ च्या आसपास आणि कार्बन मोनॉक्साइड शंभर पीपीएमच्या आत असेल, चिमणीवर धूर दिसत नसेल, तर हात लावू नका.

चौथा प्रकार नवख्याला गोंधळात टाकतो: ऑक्सिजन ७-८ आणि कार्बन मोनॉक्साइडही हजार पीपीएम. हवा आहे तरी अर्धवट ज्वलन का? कारण हवा तेलापर्यंत पोचत नाहीये. आधी तेलाच्या हीटरचं तापमान बघा. फर्नेस ऑइल बर्नरच्या तोंडाशी १०० अंशांच्या आसपास नसेल तर ते दाट राहतं, त्याचा बारीक फवारा होत नाही, आणि मोठे थेंब पूर्ण जळायच्या आत भिंतीवर आपटतात. मग नोझल काढून बघा: टोकावर कार्बनची गाठ असते, भोक एका बाजूला झिजलेलं असतं. हे नीट न करता हवेची झडप फिरवत बसाल तर दिवस जाईल आणि आकडे जागचे हलणार नाहीत. अर्थात बर्नरला हवा कमी आणि वाटेत गळती भरपूर, असं असतानाही हाच चौथा प्रकार दिसतो. माझं तेच झालं होतं.

७. एक भट्टी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

तक्रार होती तेल जास्त लागतंय अशी. चिमणीत प्रोब घातला: ऑक्सिजन ८.४ टक्के, कार्बन मोनॉक्साइड ४० पीपीएम, धुराचं तापमान ३८० अंश, शेडमधली हवा ३४. सूत्राने जादा हवा जवळपास ६७ टक्के. भट्टीवरचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, चिमणी एवढी गार कधीच नव्हती. भट्टी चांगलीच चाललीय." मी मात्र ऑक्सिजनचा आकडा धरून बसलो आणि ब्लोअरची झडप आवळली.

ऑक्सिजन ६.९ वर आला आणि कार्बन मोनॉक्साइड १,८०० पीपीएमवर गेला. पाहायच्या खिडकीतून स्वच्छ पिवळी दिसणारी ज्योत लांबट, तांबूस झाली, टोकाला काजळी दिसायला लागली. मिस्त्रींनी काही न बोलता झडप पूर्वीच्या खुणेवर आणली. त्या वेळी मला कळत नव्हतं, सात टक्के ऑक्सिजन असताना धूर का?

दुसऱ्या दिवशी सिरॅमिकची नळी घेऊन गेलो. झडप जुन्याच खुणेवर. फ्लूच्या तोंडाशी ऑक्सिजन ३.२. रिक्युपरेटरच्या आधी ३.५. रिक्युपरेटरनंतर ८.४. बर्नर पहिल्यापासून अगदी बरोबर चालला होता. हवा रिक्युपरेटरमध्ये धुरात मिसळत होती. किती, तेही काढता येतं:

```
मिसळलेली हवा (%) = (नंतरचा − आधीचा ऑक्सिजन) ÷ (२०.९ − नंतरचा) × १००
                  = (८.४ − ३.५) ÷ (२०.९ − ८.४) × १००
                  = ३९
```

शंभर भाग धुरात ३९ भाग हवा. रिक्युपरेटरमध्ये नळ्यांच्या एका बाजूला ब्लोअरची दाबाखालची हवा असते आणि दुसऱ्या बाजूला चिमणीच्या खेचेखालचा धूर. नळीला भोक पडलं की हवा नेहमी धुरात जाते, धूर हवेत येत नाही. म्हणजे ब्लोअरची बरीच हवा बर्नरला न पोचता चिमणीतून निघून जात होती, आणि उरलेली बर्नरला जेमतेम पुरत होती. मी झडप आवळली तेव्हा त्या जेमतेम हवेलाच कात्री लागली. आणि चिमणी गार होती ती धुरात हवा मिसळल्यामुळे.

आठवड्याच्या सुट्टीला भट्टी गार झाल्यावर बर्नर बंद ठेवून फक्त ब्लोअर चालू केला आणि फ्लूचं झाकण उघडून धुराच्या बाजूने कान दिला. सुसाट शीळ ऐकू आली. मिस्त्रींनी उदबत्ती आत धरली तर तिचा धूर दोन जागी जोरात उडाला. धूर सगळ्यात आधी ज्यांना लागतो त्या रांगेतल्या दोन नळ्या जळून त्यांना बोट जाईल एवढी भोकं पडली होती. दोन्ही बदलल्या.

नंतर पूर्वीच्याच खुणेवर बर्नरला हवा फार होऊ लागली, म्हणून आता झडप खरोखर आवळता आली. शेवटचे आकडे: फ्लूच्या तोंडाशी ३.३, चिमणीत ४.१, कार्बन मोनॉक्साइड ६० पीपीएम, तापमान ४३० अंश. चिमणी ५० अंशांनी गरम झाली, मग नुकसान वाढलं का? तेलासाठी धुरातून जाणाऱ्या उष्णतेचं नेहमीचं सूत्र लावून बघा:

```
तोटा (%) = (धुराचं − हवेचं तापमान) × (०.६८ ÷ (२१ − ऑक्सिजन) + ०.००७)

आधी:  ३४६ × ०.०६१ = २१.१
नंतर: ३९६ × ०.०४७२ = १८.७
```

तोटा अडीच टक्क्यांच्या आसपास उतरला. तेवढ्याच कामाला तेल सुमारे ३ टक्के कमी लागायला हवं. तासाला ६० लिटर पिणाऱ्या भट्टीत ते पावणेदोन लिटरच्या घरात जातं. चिमणीचं तापमान ऑक्सिजनशिवाय वाचू नये ते यासाठी.

८. हवा कमी करायचीच असेल तर

फ्लूच्या तोंडाशीही ऑक्सिजन जास्त असेल तरच हवेला हात लावा. झडपेच्या आत्ताच्या जागेवर आधी खडूने खूण करा. मग थोडी आवळा, तीन मिनिटं थांबा, तिन्ही आकडे लिहा, पुन्हा थोडी आवळा. कार्बन मोनॉक्साइड बराच वेळ सपाट राहतो आणि मग एकदम चढतो. तो चढायला लागला की एक-दोन पायऱ्या मागे या आणि तिथे पक्की खूण करा. अगदी कडेवर सोडून येऊ नका: रात्री तेल गार झालं, नोझल जरा चोंदलं, की भट्टी पलीकडच्या उतारावर जाते. ब्लोअरची दुपारची हवा आणि पहाटेची हवा यांचं वजनही सारखं नसतं.

९. हे आकडे कुठे चालत नाहीत

चुन्याच्या भट्टीत चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, तिथे वरचं नातं लागू पडत नाही. फक्त ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड पाहा. लोखंडाच्या भट्टीत तापलेलं लोखंड पपडी धरताना थोडा ऑक्सिजन खातं, पण रोजच्या कामात तो फरक सोडून देता येतो. दोन इंधनं एकत्र जाळत असाल तर यंत्राच्या यादीतलं कुठलंच एक इंधन बरोबर नसतं, तोट्याचा आकडा तेव्हा अंदाज म्हणूनच धरा.

काम संपल्यावर प्रोब बाहेर काढून पंप मोकळ्या हवेत दहा मिनिटं चालू ठेवा. फर्नेस ऑइलमध्ये गंधक बरंच असतं, त्याचा वायू सेन्सरवर तसाच राहिला तर पुढच्या भट्टीवर पोचेपर्यंत आकडे वाहवलेले असतात. पाण्याचा सापळा रिकामा करा आणि फिल्टर काढून बघा. काळा झाला असेल तर त्या दिवशीच्या आकड्यांशेजारी तसं लिहून ठेवा, आणि कोणत्या बर्नरवर, कोणत्या आगीवर झाला तेही.